मावशीच्या नाचावर कवट्या कशाला?

अगं, तू पाठवलेला स्क्रीनशॉट नीट वाचला. हळदीच्या दिवशी तू नाचलीस, त्याचा व्हिडिओ भाचरांच्या ग्रुपवर गेला, त्यावर धाकट्या भाचीनं काहीतरी लिहिलं आणि ताईनं ते तुला पाठवलं. ‘कवट्या टाकल्यात, रडतायत, वर हात जोडलेत. एवढी वाईट नाचले का गं मी?’ असं तू विचारलंयस. स्क्रीनशॉटमध्ये दिसणारा मजकूर असा आहे:

‘मावशीचा डान्स 💀💀 ती शेवटची गिरकी 😭😭 काय एनर्जी आहे यार 😮💨 🙏’

आधी निकाल सांगते, मग कारणं. हे निखळ कौतुक आहे.

कवटीपासून सुरुवात करू. आपण ‘हसून हसून मेले’ म्हणतो ना, तीच ही कवटी. आपल्या वयाची माणसं खूप हसू आलं की डोळ्यांतून पाणी येणारा 😂 टाकतात. कॉलेजातल्या मुलांना तो आता आईबाबांचा वाटतो, म्हणून त्यांनी ते काम 💀 आणि 😭 यांच्याकडे सोपवलंय. त्यामुळे इथलं रडणंही दुःखाचं नाही. ‘भारी आहे, सहन होत नाही’ असा त्याचा सूर. दोन-दोनदा टाकलंय ते फक्त जोर देण्यासाठी.

आता 😮💨. आधी आ वासलेला चेहरा, मग धुराचा लोट. तुला वाटलं, ‘मावशीला धाप लागली’ असं ती सुचवतेय. प्रत्यक्षात भाचीनं दोन चित्रं पाठवलेलीच नाहीत. तिनं एकच पाठवलं: डोळे मिटून ‘हुश्श’ करत श्वास सोडणारा चेहरा. इमोजी फोनमधून फोनमध्ये जातं तेव्हा चित्र जात नाही, त्याचा ठरलेला क्रमांक जातो. चित्र समोरचा फोन आपल्याकडच्या साठ्यातून काढतो. २०२० साली यादीत आलेल्या या चेहऱ्याला स्वतंत्र क्रमांक नाही. आधीच्या दोन चिन्हांमध्ये न दिसणारा एक सांधा घालून तो बनवलाय. नव्या फोनला सांधा कळतो आणि तो एक चेहरा दाखवतो. जुन्या फोनला हे जोडचित्र माहीत नसतं, म्हणून तो दोन्ही तुकडे शेजारी शेजारी मांडतो. ताईचा फोन जुना आहे, आणि स्क्रीनशॉट म्हणजे तिच्या पडद्याचा फोटो. त्यात भाचीनं काय पाठवलं ते नाही, ताईला काय दिसलं ते आहे.

सांध्याचा प्रश्न नसला तरी प्रत्येक कंपनी आपापलं चित्र काढते, आणि त्यानंही अर्थ हलतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली लोकांना वेगवेगळ्या फोनांवरचे चेहरे दाखवले होते. दात दाखवून हसणाऱ्या 😁 या एकाच चिन्हाचं तेव्हाचं आयफोनवरचं रूप लोकांना त्रासिक वाटलं, आणि इतर कंपन्यांचं आनंदी.

शेवटी 🙏. आपल्याकडे तो नमस्कार, आभार, माफी आणि ‘पुरे करा आता’ या सगळ्यांसाठी चालतो. नेमका कोणता, ते आधीच्या शब्दांवरून ठरतं. इथे तो ‘काय एनर्जी आहे’च्या मागोमाग आलाय, म्हणजे दंडवत. ‘कृपया आता नाचू नका’च्या पुढे आला असता तर गोष्ट वेगळी होती.

मग टिंगल ओळखायची कशी? इमोजी बाजूला ठेव आणि नुसते शब्द वाच. टवाळी करणारा सहसा मोघम बोलतो: ‘वा, छान 🙂’. तरुण मुलांमध्ये हा साधा हसरा चेहराच पुष्कळदा थंडपणाची खूण असतो. भाचीनं मात्र नेमकी शेवटची गिरकी उचललीय. जिनं व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, तीच असं लिहील. दुसरी खूण म्हणजे पुढची उत्तरं. स्क्रीनशॉटच्या खालच्या कडेला अर्धी कापली गेलेली ओळ दिसते: ‘परत पाठव ना, आईला दाखवायचाय’. चेष्टेचा व्हिडिओ कुणी आईला दाखवायला मागत नाही.

ही रीत सगळीकडे लागू पडेलच असं नाही. हीच कवटी एखाद्याच्या चुकीवर पडली तर ती बोचरी असते, आणि प्रत्येक ग्रुपची आपली आतली भाषा असते. म्हणून असा स्क्रीनशॉट आला की ताईकडून आधीचे आणि नंतरचे चार-पाच मेसेज मागवून घे, आणि तुझ्या फोनवर तोच मजकूर कसा दिसतो ते पाहायला मूळ मेसेजच फॉरवर्ड करायला सांग. तरीही शंका उरली तर भाचीलाच फोन लाव. लिहिणाऱ्याच्या मनातलं लिहिणाराच सांगू शकतो; तिसऱ्याच्या पडद्याच्या फोटोवरून कुणाबद्दल मन कडू करून घेऊ नये.