वारंवार गर्भपात : कोणती तपासणी गरजेची, कोणती नाही

दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा गर्भपात झाला की घरात एकच प्रश्न घोळू लागतो, ‘असं का होतंय?’ सासूबाई, मावशी, शेजारची ताई प्रत्येकजण एक नवी तपासणी सुचवते. लॅबवालेही ‘बॅड ऑब्स्टेट्रिक हिस्टरी’चं पॅकेज पुढे करतात. पैसे भरण्याआधी कोणती तपासणी उपचार बदलते आणि कोणती फक्त काळजी वाढवते, हे जाणून घ्या.

एक उदाहरण पाहा

एका 31 वर्षांच्या शिक्षिकेचे 7, 8 आणि 9 आठवड्यांत असे तीन गर्भपात झाले. तिच्या फाइलमध्ये सगळ्यात वर होता टॉर्च टेस्टचा रिपोर्ट. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला आणि सीएमव्ही या तिन्हींची आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह होती. रिपोर्टवरची ठळक अक्षरं पाहून घरचे घाबरले आणि तिला तीन आठवडे अँटिबायोटिकच्या गोळ्याही देण्यात आल्या.

खरं तर आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे तो संसर्ग पूर्वी कधीतरी होऊन गेला आहे किंवा रुबेलाच्या बाबतीत लस घेतलेली आहे. आपल्या देशात बहुतेक स्त्रियांमध्ये यातली एखादी तरी आयजीजी पॉझिटिव्ह येतेच. असे जुने संसर्ग वारंवार गर्भपात घडवत नाहीत, म्हणून त्यावर औषधाची गरज नसते. रुबेलाची आयजीजी निगेटिव्ह असेल तर मात्र गर्भधारणेपूर्वी लस घेता येते. या टेस्टचा उपयोग एवढाच.

जी तपासणी राहून गेली होती

तिच्या फाइलमध्ये अँटीफॉस्फोलिपिड अँटिबॉडीची तपासणी नव्हती. या अँटिबॉडींमुळे शरीरात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात आणि वार नीट रुजत नाही. यात तीन गोष्टी पाहतात : ल्यूपस अँटिकोअॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-2 ग्लायकोप्रोटीन वन.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, गर्भपातानंतर लगेच रक्त देणं. साधारण सहा आठवडे थांबा. हेपरिनची इंजेक्शनं चालू असतील तर लॅबला आधी सांगा, कारण ल्यूपसचा रिपोर्ट चुकू शकतो. दुसरी, एकाच पॉझिटिव्ह रिपोर्टवर निदान करणं. साध्या तापानंतरही या अँटिबॉडी काही काळ वाढतात, म्हणून कमीत कमी 12 आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. शिक्षिकेची अँटिकार्डिओलिपिन दोन्ही वेळा बरीच जास्त आली. मग डॉक्टरांनी पुढच्या गर्भधारणेसाठी कमी मात्रेची अॅस्पिरिन आणि हेपरिन असा उपचार ठरवला. रिपोर्टमुळे उपचार बदलला, हीच उपयोगी तपासणीची खूण.

आणखी काय करून घ्याल

गर्भाशयात पडदा आहे का हे थ्रीडी सोनोग्राफीत दिसतं. थायरॉइडसाठी टीएसएच तपासा. मधुमेहाची शंका असेल तर साखर तपासा.

पुन्हा गर्भपात झालाच तर बाहेर पडलेल्या ऊतींची गुणसूत्र तपासणी करता येते का, हे डॉक्टरांना क्युरेटिंगच्या आधीच विचारा. ऊती फॉर्मेलिनमध्ये टाकल्या तर पेशी वाढवून करायची तपासणी होत नाही. त्यासाठी त्या निर्जंतुक सलाइनमध्ये लॅबला जायला हव्यात. सुरुवातीच्या आठवड्यांतल्या साधारण निम्म्या गर्भपातांमध्ये गर्भाची गुणसूत्रंच चुकलेली असतात. त्यात तुमच्या जेवणाचा, प्रवासाचा किंवा जिना चढण्याचा काही दोष नसतो. तुमच्या बाळाच्या बाबतीतही तसंच झालं होतं, हे कळलं तर मनावरचं ओझं हलकं होतं. या तपासणीत विशिष्ट दोष सापडला तर पतिपत्नीची कॅरिओटाइप टेस्ट सांगितली जाते.

यांच्या नादी लागू नका

रक्तातील एनके सेलची तपासणी आणि पतीच्या पांढऱ्या पेशी पत्नीला टोचण्याचा उपचार यांचा फायदा सिद्ध झालेला नाही. एमटीएचएफआर जनुकाचा रिपोर्टही तसाच. त्यातला बदल अनेक निरोगी लोकांमध्येही आढळतो. रक्त गोठण्याच्या आनुवंशिक दोषांची तपासणी सगळ्यांना लागत नाही. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात कुणाला पायाच्या शिरेत गुठळी झाली असेल तर डॉक्टरांना सांगा. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अलाइफ-2 या अभ्यासात असा दोष असलेल्या आणि वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांना हेपरिन दिलं, तरी जिवंत बाळ होण्याचं प्रमाण वाढलं नाही.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तर खचू नका. जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये कारण सापडत नाही आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे उपचाराशिवायही बाळ होतं. वय जसं वाढतं तशी ही शक्यता कमी होते, म्हणून नको त्या तपासण्यांत महिने घालवू नका. प्रत्येक टेस्टआधी डॉक्टरांना एकच विचारा, ‘ही पॉझिटिव्ह आली तर तुम्ही काय वेगळं कराल?’