थेंब घातल्यावर निघणारा नंबर

साडेचार वर्षांची मुलगी. संध्याकाळी दमली किंवा चित्रांचं पुस्तक हातात घेतलं की तिचा डावा डोळा नाकाकडे वळतो. सकाळी मात्र दोन्ही डोळे सरळ. एका फोटोत तिरळेपणा दिसतो, दुसऱ्यात नाही. आजी म्हणते, मोठी झाली की जाईल. आई-वडील चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर नंबर काढून आणतात, तर उजव्या डोळ्याला प्लस १.२५ आणि डाव्याला प्लस १.५०. किरकोळ आहे, इतक्यात चष्मा नको, असा सल्लाही तिथेच मिळतो. दवाखान्यात ती चित्रांचा तक्ता भराभरा ओळखते. तरी डॉक्टर म्हणतात, ‘तीन दिवस डोळ्यांत औषध घाला आणि मग आणा, तेव्हा खरा नंबर कळेल.’ बाहेर आल्यावर घरच्यांची चर्चा ठरलेली असते. पोरीला सगळं दिसतंय, मग औषध कशाला?

ही मुलगी म्हणजे कुणी एक नव्हे. तिरळेपणासाठी येणाऱ्या मुलांमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी तिच्यात एकत्र केल्या आहेत. औषध घातल्यावर तिचा नंबर निघतो उजव्याला प्लस ५ आणि डाव्याला प्लस ५.२५. दुकानातलं यंत्र बिघडलेलं नव्हतं. त्या क्षणी तिचा डोळा जसा होता, तसा त्याने मोजला. उरलेले पावणेचार नंबर ती स्वतःच भरून काढत होती, नकळत.

दूरदृष्टितेत डोळ्याचा गोळा बहुधा थोडा आखूड असतो. त्यामुळे बाहेरून आलेले किरण पडद्यावर एकत्र येण्याऐवजी त्याच्या मागे एकत्र यायला निघतात. यावर डोळ्याकडे स्वतःचा एक उपाय असतो. बुबुळामागे भिंगाभोवती सिलिअरी स्नायूचं कडं असतं. ते आवळलं की भिंग फुगतं, त्याची ताकद वाढते आणि प्रतिमा पुढे सरकून पडद्यावर येते. एरवी हा स्नायू जवळचं बघताना कामाला लागतो. त्याच्या कड्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होत जातं, म्हणूनच आपल्याला चाळिशी लागते. लहानपणी मात्र भिंग इतकं लवचीक असतं की आठ-दहा वर्षांचं मूल त्याची ताकद जवळपास चौदा डायॉप्टरने वाढवू शकतं. ज्याच्याकडे चौदाचा साठा आहे, त्याला पाचाची तूट भागवणं जमून जातं. म्हणून तक्ता वाचता येतो आणि तक्रार नसते. उंची मोजताना मुलानं टाचा उचलाव्यात तसंच हे आहे, फक्त इथे टाचा उचलल्याचं त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

कॉम्प्युटरच्या यंत्रात तर टाचा हमखास उचलल्या जातात. आत दूरवरचं चित्र दाखवलेलं असलं तरी आपण जवळच्या डब्यात डोकावतोय हे मुलाला जाणवतं आणि स्नायू आवळला जातो. प्लसचा नंबर त्यामुळे कमी येतो. कधी तो शून्यावर येतो, तर कधी चक्क मायनस निघतो. मग प्लसच्या मुलाला मायनसचा चष्मा लागतो, आणि गंमत अशी की तो लावूनही मूल तक्ता वाचतं, कारण स्नायू आणखी थोडा आवळून ते तेवढंही भागवतं. मग शाळेतून आल्यावर कपाळ दुखतं आणि गृहपाठाचा कंटाळा येतो. मायनसचा चष्मा लावलेल्या लहान मुलाची थेंब घालून तपासणी झालीच नसेल, तर मी तो नंबर पक्का धरणार नाही.

आपल्या मुलीचा डोळा वळत का होता, याचं उत्तरही याच स्नायूत आहे. जवळचं बघताना दोन गोष्टी एकदम होतात. भिंग फुगतं आणि दोन्ही डोळे नाकाकडे वळतात. मेंदूने या दोन्ही क्रिया एकमेकींना जखडून ठेवल्या आहेत. पाच डायॉप्टरचा जोर निरोगी डोळ्याला वीस सेंटिमीटरवरच्या वस्तूसाठी लागतो. या मुलीला तेवढा जोर खिडकीबाहेरच्या झाडासाठी लावावा लागतो, म्हणजे झाड बघतानाही डोळ्यांना आत वळण्याचा हुकूम सुटतो. पुस्तक हातभर अंतरापेक्षाही जवळ, तेहेतीस सेंटिमीटरवर धरलं की आणखी तीन डायॉप्टर लागतात. ती ताजीतवानी असते तेव्हा मेंदू हा आत वळण्याचा ओढा रोखून धरतो. दमली की पकड सुटते. स्पष्ट दिसणं आणि डोळे सरळ राहणं या दोहोंपैकी एकच साधणार असेल, तर अशी मुलं स्पष्ट दिसणं निवडतात. दूरदृष्टिता आणि आत वळणारा तिरळेपणा यांचं हे नातं फ्रान्सिस्कस डोंडर्स या डच वैद्याने उलगडून दाखवलं. त्याचा ग्रंथ १८६४ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

थेंबांचं काम आता लक्षात येईल. घरातल्या मोठ्या माणसांची बाहुली मोठी करतात ती आतला पडदा नीट दिसावा म्हणून. मुलांचा नंबर काढताना बाहुली मोठी होते हे खरं, पण हेतू सिलिअरी स्नायूला काही काळ झोपवण्याचा असतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. फेनिलेफ्रिनने बाहुली चांगली पसरते, पण स्नायू जागाच राहतो. तेव्हा ‘बाहुली मोठी झाली, चला तपासू’ ही घाई फसवी ठरते.

स्नायू झोपवणारी मुख्य औषधं तीन. ट्रॉपिकामाइडचा असर लवकर येतो आणि काही तासांत उतरतो, पण आवळायची सवय लागलेल्या लहान डोळ्याला ते बरेचदा पुरत नाही. सायक्लोपेंटोलेट दवाखान्यातच घालतात. एक थेंब, पाच-दहा मिनिटांनी दुसरा, आणि अर्ध्यापाऊण तासाने तपासणी. त्याचा असर साधारण दिवसभर राहतो. ॲट्रोपिन सगळ्यांत जोरकस. लहान वय आणि आत वळणारा डोळा असेल तर आपल्याकडे अजूनही अनेक डॉक्टर त्याचाच आग्रह धरतात. एक टक्क्याचं मलम तांदळाच्या दाण्याएवढं, खालची पापणी ओढून, दिवसातून दोन-तीन वेळा, असं तीन दिवस घरी घालायचं असतं. तपासणीच्या सकाळी ते टाळतात, कारण मलमाचा थर डोळ्यावर राहिला तर तपासताना बाहुलीत दिसणारी चमक धूसर होते. काळ्या-तपकिरी डोळ्यांतलं रंगद्रव्य औषध धरून ठेवतं, म्हणून आपल्या मुलांना निळ्या डोळ्यांच्या मुलांपेक्षा जास्त थेंब आणि जास्त वेळ लागतो. दवाखान्यातली ती कंटाळवाणी बैठक निष्काळजीपणामुळे नसते.

शेतातल्या माणसांना ॲट्रोपिनचं भावंड ओळखीचं असेल. धोतऱ्याचा रस चुकून डोळ्यात गेला की बाहुली पसरते आणि जवळचं दिसेनासं होतं, ते याच जातीच्या रसायनांमुळे.

तपासणी अंधाऱ्या खोलीत होते. डॉक्टर किंवा ऑप्टोमेट्रिस्ट सुमारे सदुसष्ट सेंटिमीटरवरून रेटिनोस्कोपची प्रकाशरेषा मुलाच्या बाहुलीवरून फिरवतात. बाहुलीत तांबूस चमक उमटते. ती रेषेच्याच दिशेने सरकली तर डोळ्यापुढे प्लसची भिंगं वाढवत जायची, ती सरकणं थांबून बाहुली एकदम उजळेपर्यंत. आपल्या मुलीच्या उजव्या डोळ्यापुढे प्लस ६.५० ला चमक थांबली. तपासणारा सदुसष्ट सेंटिमीटरवर बसला होता, त्या अंतराचे १.५० वजा केले आणि प्लस ५ उरला. मुलानं काही वाचायची किंवा सांगायची गरज नाही, म्हणून सहा महिन्यांच्या बाळाचाही नंबर असा निघतो. स्नायू पुरता झोपला नसेल तर तेही इथेच कळतं. चमक एका जागी ठरत नाही, क्षणात रेषेबरोबर जाते आणि क्षणात उलट. मग आणखी एक थेंब आणि आणखी थांबणं, दुसरा इलाज नाही.

घरी ॲट्रोपिन घालताना थोडं जपावं लागतं. मलम किंवा थेंब घातल्यावर डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर मिनिट-दोन मिनिटं बोट दाबून धरावं, म्हणजे औषध नाकावाटे अंगात कमी भिनतं. नंतर आपले आणि मुलाचे हात धुवावेत आणि ट्यूब मुलाच्या हाती लागू देऊ नये. चेहरा लालबुंद झाला, अंग तापलं, तोंड कोरडं पडलं, मूल सैरभैर वागू लागलं तर पुढचा डोस न घालता डॉक्टरांना फोन करावा. सायक्लोपेंटोलेटने एखादं मूल काही तास पेंगुळतं किंवा असंबद्ध बडबडतं. फिट येण्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते आधीच सांगायचं. उन्हाने डोळे दिपणं आणि जवळचं पुसट दिसणं हे मात्र व्हायचंच. ॲट्रोपिननंतर ते आठ-पंधरा दिवसही टिकतं, म्हणून परीक्षेच्या आठवड्यात ते घालू नये.

आपल्या मुलीचा निदान डोळा वळला, म्हणून ती दवाखान्यापर्यंत पोचली. मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या एका प्रकाराची. एका डोळ्याला प्लस १, दुसऱ्याला प्लस ४. स्नायूला मेंदूकडून येणारा हुकूम दोन्ही डोळ्यांना सारखाच असतो आणि मेंदू सोप्या डोळ्यापुरता हुकूम देऊन मोकळा होतो. दुसऱ्या डोळ्याला तीन नंबर कायम कमी पडतात. त्याच्या पडद्यावर स्पष्ट चित्र कधीच उमटत नाही, आणि मेंदू त्या डोळ्याकडून बघायला शिकतच नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात. तिरळेपणा नाही, डोकेदुखी नाही, दोन्ही डोळे उघडे ठेवून तक्ता ६/६. एक डोळा झाकायला सांगितला तरी बोटांच्या फटीतून बघणारी मुलं कमी नाहीत. सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी यांनी बरंच भरून निघतं. त्यानंतर सुधारणा कठीण होत जाते.

थेंबांनंतर निघालेला प्रत्येक प्लस नंबर चष्म्यात जातो असंही नाही. जन्मतः बहुतेक बाळांना दोनेक नंबर प्लस असतो आणि डोळा वाढेल तसा तो उतरतो. चार वर्षांच्या मुलाचे डोळे सरळ असतील, दोन्हींत फरक नसेल आणि नंबर दीड असेल, तर ते मूल चष्म्याविना छान राहतं. तपासणीचा कागद घेऊन थेट दुकान गाठू नये ते यासाठी. मोठ्या मुलांना औषधाचा असर उतरल्यावर पुन्हा बोलावतात आणि त्यातला किती नंबर मानवतो ते बघून चष्मा लिहून देतात.

आत वळणाऱ्या डोळ्याला मात्र ही सवलत नसते. आपल्या मुलीला निघाला तेवढा जवळजवळ पूर्ण नंबर दिला जातो. ॲट्रोपिनचा असर असतानाच चष्मा सुरू केला तर बरं, कारण स्नायू जागा झाल्यावर सवयीने आवळत राहतो, दूरचं पुसट दिसतं आणि मूल चष्मा भिरकावतं. काही आठवड्यांत चष्म्यातून डोळे सरळ दिसू लागतात. मग पालकांची नवी तक्रार येते, ‘चष्मा काढला की आता आधीपेक्षा जास्त वळतो. चष्म्यानं बिघडलं.’ बिघडलेलं नसतं. चष्म्याने विसावलेल्या स्नायूला चष्मा काढताच एकदम पाच नंबर ओढावे लागतात, आणि ताण कशाचा होता हे तेव्हा उघड दिसतं.

शस्त्रक्रियेचा विचार चष्म्याच्या आतून जेवढा तिरळेपणा उरतो तेवढ्याचाच करतात. चष्म्याने पूर्ण सरळ होणाऱ्या डोळ्याचे स्नायू शस्त्रक्रियेने हलवले, तर पुढे प्लस उतरल्यावर तोच डोळा कानाकडे जाऊ लागतो. म्हणून टेबलवर घेण्याआधी सर्जन पुन्हा एकदा थेंब घालून नंबर तपासतो, चष्म्यात अजून काही द्यायचं राहिलंय का ते बघायला.