गांवचा दुकानदार : पाहिलेला आणि ऐकलेला

निबंधाच्या तासाला 'आमच्या गांवचा दुकानदार' हा विषय दिला, म्हणजे वर्गांतील बहुतेक वह्यांतून एकच मनुष्य अवतरतो. तो लठ्ठ असतो, गोड बोलतो, मापांत मारतो आणि गरिबांस नाडतो. कोणी फारच सहृदय विद्यार्थी असेल तर त्याचा दुकानदार साक्षात् दयेचा पुतळा असतो. हे दोघेहि गृहस्थ पुस्तकांतून आलेले; त्यांच्या दुकानांत आजवर कोणी पावशेर गूळ घेतलेला नाहीं. म्हणून यंदा आम्ही नववीच्या मुलांस एक अट घातली. स्वभावाचें एकहि विशेषण लिहावयाचें नाहीं. जें डोळ्यांनीं पाहिलें व जें कानांनीं ऐकलें, तेवढेंच लिहावयाचें. त्यांतून मनुष्य उभा राहिला तर राहिला.

शाळेपासून कोसभर अंतरावरील एका गांवीं एक किराणा मालाचें दुकान आहे. त्याच्या मालकास सारा गांव 'अण्णा' म्हणतो. आम्हीहि तेंच म्हणूं. त्याची परवानगी घेऊन चार मुलें दहा दिवस, सकाळीं एक तास व दिवेलागणीला एक तास, समोरच्या पारावर बसलीं. पहिले दोन दिवस अण्णा ज्याला त्याला 'या, बसा' म्हणूं लागला. गांवकरी एकमेकांकडे पाहून हसूं लागले, तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, ही त्याची नेहमींची रीत नव्हे. ते दोन दिवस आम्ही वगळून टाकले. तिसऱ्या दिवशीं तो मुलांस विसरला, आणि तेथून खरें काम सुरू झालें.

प्रत्येकाजवळ एक वही होती. डाव्या पानावर वेळ, हातानें केलें तें, आणि तोंडचे शब्द. उजवें पान कोरें. उजव्या पानावर आपलें मत लिहावयाचें, पण तें आठव्या दिवशीं. डाव्या पानावर काय जावें याची कसोटी अशी, कीं शेजारीं बसलेल्या दुसऱ्या मुलानेंहि तेंच लिहिलें असतें काय? 'अण्णा रागावला' हें डाव्या पानावर जाऊं शकत नाहीं. दुसरा म्हणेल, 'रागावला कुठें, थट्टा करीत होता.' 'पुडी बांधतां बांधतां हात थांबला आणि आवाज चढला', हें मात्र दोघांनींहि पाहिलेलें असतें.

बोललेले शब्द तर तेथल्या तेथेंच टिपावे लागतात. घरीं येऊन लिहिलें कीं आपली स्मृति त्यांस पुस्तकी वस्त्रें नेसविते. एका मुलानें लिहिलें होतें, 'अण्णा म्हणाले, साखर शिल्लक नाहीं.' दुसऱ्याच्या वहींत तेच उद्गार असे होते : 'साखर उद्यां येती.' आठ दिवसांच्या नोंदी चाळून पाहतां असें दिसलें कीं, अण्णानें कोणत्याहि मालाविषयीं 'नाहीं' किंवा 'संपली' असा शब्द एकदांहि उच्चारला नव्हता. पहिल्या मुलानें जो शब्द सहज घातला, नेमका तोच हा मनुष्य टाळीत होता.

येथें मुलांस आनंद झाला आणि त्यांनीं उजव्या पानावर 'आशावादी' असें लिहून टाकलें. आम्हांस तें खोडावें लागलें. दुकानांत 'नाहीं' म्हणूं नये, ही अण्णाची संवय नसून धंद्याची आहे. दुकान 'बंद करणें' न म्हणतां 'वाढविणें' म्हणतात, सकाळच्या भवानीचें नाणें कपाळाला लावतात, आणि भवानी होण्यापूर्वीं उधार देत नाहींत. हें अनेक दुकानदार करितात. त्यावरून धंदा कळतो, मनुष्य कळत नाहीं. मग ओळखावें कसें? मुलांस आम्ही बाजारपेठेंतील दुसऱ्या दोन दुकानांत एकेक सकाळ बसविलें. जें तिन्ही ठिकाणीं दिसलें तें बाजूस काढलें. जें अण्णापाशींच उरलें तें त्याचें. भवानीचेंच पाहा. एके सकाळीं पहिल्या गिऱ्हाइकानें मोबाईलवरून पैसे दिले, आणि पैसे पोंचल्याची वर्दी फळीवरच्या यंत्रानें मोठ्यानें दिली. कपाळाला लावावयास नाणेंच नाहीं! अण्णानें क्षणभर हात तसाच धरला आणि मग गल्ल्याच्या कडेला बोटें टेकवून तीं कपाळीं लावलीं. रीत धंद्याची खरी, पण तिची ही वळणवाट त्याची स्वतःची. म्हणून ती ठेविली.

आतां ज्या चुकीनें आमचें सारें चित्रच उलटें होणार होतें, ती सांगतों. तिसऱ्याच दिवशीं चौघांनींहि एकमतानें ठरविलें होतें कीं, अण्णा कवडीचुंबक व तिरसट आहे. पुरावा त्यांच्याजवळ होता. आलेल्या खोक्यांची सुतळी तो कधीं कापीत नाहीं, गांठ सोडवून खिळ्याला गुंडाळतो. काट्यावर साखर घालतांना चमचा हलक्या हातानें टिचकी मारून रिकामा करितो, आणि आंकडा बरोबर होतांच हात मागें घेतो. आणि त्या दिवशीं, एका वहींतील शब्दांनीं सांगावयाचें तर, 'एका लहान मुलाच्या अंगावर वसकन् आला, त्यामुळें तें मूल रडत घरीं गेलें.'

'काय बोलला?' आम्ही विचारलें. तिघांनीं शब्द टिपलेच नव्हते. चौथ्याच्या वहींत ते होते. मूल बापासाठीं तंबाखूची पुडी मागत होतें. अण्णा म्हणाला होता, 'तुझ्या बापाला पाय न्हाईत व्हय? त्येला म्हणावं, सवताच ये.' सातव्या दिवशीं दुसरें एक मूल त्याच कामासाठीं आलें व तसेंच परत गेलें. शब्दहि जवळ जवळ तेच होते. अठरा वर्षांखालील मुलांस तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्यानें बंदी आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. अण्णानें कायद्याचें नांव काढलें नाहीं, म्हणून तें चित्रांतहि घालावयाचें नाहीं. परंतु एका वाक्याच्या नोंदीअभावीं एक मनुष्य वर्षभर आमच्या मासिकांत तिरसट म्हणून छापला गेला असता.

सुतळी व साखर राहिलीच. तीं खोटीं नव्हतीं, म्हणून काढून टाकतां येईनात. मात्र त्यांच्या शेजारीं आणखी एक नोंद हळूहळू जमत होती, आणि ती एकटीदुकटी असतां कोणाच्या नजरेंत भरली नव्हती. उधारीची वही अण्णा कधीं उघडतो? ट्रॅक्टरवाला बागाईतदार आला कीं माल देण्यापूर्वींच वही उघडून, चारचौघांत, 'दोन महिनं झालं, दादा' असें तो म्हणे. मोलमजुरी करणारी एक बाई तेलासाठीं येई, तेव्हां वही मिटलेलीच राही. तो विचारी, 'वैनी, शेळी व्याली का?' ती सांगे, 'दोन करडं झाली, अण्णा.' ती पायऱ्या उतरून वळणाआड गेली म्हणजे तो वही काढून लिही. आठ दिवसांत अशीं पांच माणसें आलीं व पांचहि वेळां असेंच झालें. उधार त्यानें कोणालाहि माफ केलें नाहीं. पैचा पै लिहिला. पण कोणासमोर लिहिला नाहीं, हें पाहा.

येथें एक मोह होतो. 'गरिबांची लाज राखावी असें त्यास वाटे', असें लिहावेंसें वाटतें. परंतु त्यास काय वाटे हें पारावरून दिसत नाहीं. एकदां घडलें तें प्रसंग म्हणून सांगावें, तीनदां घडलें तर संवय म्हणावी; मनांतलें कधींच सांगूं नये. दोन नोंदी जवळ जवळ ठेवाव्या, म्हणजे मधली गोष्ट वाचक स्वतःच म्हणतो, आणि आपण सांगितल्यापेक्षां ती त्याला अधिक खरी वाटते.

मुलांनीं तयार केलेलें चित्र पुढें देत आहों. त्यांतील मेणबत्तीची ओळ गाळावी असें दोघांचें म्हणणें होतें. अण्णा आतां त्यांस आवडूं लागला होता. आम्हीं ती राहूं दिली.

"अण्णा फळी उघडतो तेव्हां देवळांतील घंटा वाजलेली नसते. खिळ्यावर सुतळीचा गुंडा आहे. रोज थोडा वाढतो. काट्यावर कांहीं ठेवण्याआधीं तो म्हणतो, 'शून्य बघा', आणि तुम्ही पाहीपर्यंत थांबतो. एक आजी अजून 'अच्छेर' तांदूळ मागते. तो अर्धा किलो तोलतो आणि 'घ्या अच्छेर' म्हणतो. साखरेचा दाणा जास्त पडत नाहीं, कमीहि पडत नाहीं. पोराला सामानासाठीं धाडलें असेल तर उरलेले पैसे त्याच्या मुठींत मोजून देतो आणि विचारतो, 'घरी काय सांगशील?' पोर आंकडा म्हणतें, मगच तो मूठ मिटूं देतो. तंबाखूला आलेल्या पोराला मात्र तो हात हलवीत परत पाठवितो. दिवे गेले त्या तीन संध्याकाळींपैकीं दोन वेळां त्यानें पांच रुपयांची मेणबत्ती सहा रुपयांस विकली. त्याच अंधारांत तेल नेणारी बाई वळणाआड गेल्यावर त्यानें मोबाईलच्या उजेडांत वही उघडली. साडेआठाला, 'चला, वाढवूं या', असें कोणी समोर नसतांहि तो मोठ्यानें म्हणतो."

छापण्यास देण्यापूर्वीं हें चित्र अण्णास वाचून दाखविणें आम्हांस योग्य वाटलें. गिऱ्हाइकांचीं नांवें त्यांत नाहींत याची त्यानें आधीं खात्री करून घेतली. मग रद्दीच्या कागदांच्या पुड्या वळीत वळीत तो ऐकत होता. वाचणाऱ्या मुलानें मेणबत्तीची ओळ खालच्या आवाजांत वाचली. पहिल्या मसुद्यांत तेथें सात रुपये असें होतें. अण्णाचा हात थांबला. "इकली, ते खरं हाय," तो म्हणाला, "पर साताला न्हवं, सहाला. तेवढं दुरुस्त करा." चारहि वह्या पुन्हां उघडून पाहिल्या. आंकडा त्याचाच बरोबर निघाला.