प्रीसेटपासून शेअर्ड नोडपर्यंत

वाडीतली गोदामं आणि तिथले ट्रान्सपोर्टवाले यांच्यावर आम्ही छोट्या व्हिडिओंची मालिका करत आलो. बाहेर मे महिन्याचं पांढरंफटक ऊन आणि शटरच्या आत हिरवट ट्यूबलाइट, अशा दोन टोकांच्या उजेडात सगळे भाग एकाच घरचे दिसायला हवे होते.

सुरुवातीला सगळी भिस्त प्रीसेटवर होती. एका क्लिपवर रंग बसवायचा, त्याचा प्रीसेट करायचा आणि बाकीच्या क्लिपांवर टाकायचा. पण टाकला की प्रत्येक क्लिपला त्याची स्वतंत्र प्रत मिळते. मूळ प्रीसेट नंतर बदलला, तरी आधीच्या प्रती जागच्या हलत नाहीत. लाल रंग थोडा उतरवायचा ठरला, की पुन्हा सगळ्या क्लिपा उघडणं आलं.

मग आम्ही अ‍ॅडजस्टमेंट लेयरकडे वळलो. तो फोटोशॉपमध्ये १९९६ पासून होता, प्रीमियर प्रोमध्ये २०१२ साली सीएस६सोबत आला. टाइमलाइनवर सगळ्यात वर एक रिकामा लेयर पसरायचा आणि रंग त्यावर द्यायचा, म्हणजे खालचं सगळं बदलतं. खालचं सगळं म्हणजे अक्षरंसुद्धा. आमची पांढरी नावं पिवळट दिसू लागली, तेव्हा टायटल्स लेयरच्या वरच्या ट्रॅकवर गेली. खरी अडचण वेगळीच होती. हा लेयर त्याच टाइमलाइनपुरता असतो. दुसऱ्या भागात कॉपी केला की पुन्हा सुटी प्रत, म्हणजे प्रीसेटचंच दुखणं जरा वरच्या मजल्यावर.

ते मिटलं दा विंची रिझॉल्व्हमध्ये. तिथे सगळे भाग एकाच प्रोजेक्टमध्ये, वेगवेगळ्या टाइमलाइनवर ठेवले. कलर पेजवर लूकचा नोड तयार करून त्यावर राइट क्लिक करून `Save as Shared Node` केलं आणि तोच नोड प्रत्येक क्लिपच्या साखळीत शेवटी जोडला. इथे प्रत नसते. एका क्लिपवर सॅच्युरेशन कमी केलं की सगळ्या भागांत कमी होतं. धाक वाटावा इतकी ही ताकद आहे, म्हणून असा नोड आपोआप लॉक होतो. बदल करायचा तर आधी लॉक काढावं लागतं.

उन्हाचा आणि ट्यूबलाइटचा फरक मात्र या नोडने मिटवायचा नाही. तो त्याच्या आधी, प्रत्येक क्लिपच्या स्वतःच्या नोडमध्ये. तसं झालंय का, हे लूक बंद करून पाहिलं की कळतं: व्हेक्टरस्कोपवर आतला आणि बाहेरचा चेहरा त्वचेच्या रेषेजवळ यायला हवा. तसा नसेल तर लूक हिरवटपणा आणखी गडद करतो.

शेअर्ड नोडही प्रोजेक्टच्या कुंपणाबाहेर जात नाही. नव्या प्रोजेक्टसाठी लूक पॉवरग्रेड म्हणून साठवतो. म्हणजे प्रीसेट अजून लागतोच, पण बियाण्यापुरता. आणि एकदा यूट्यूबवर चढवलेली फाइल यातल्या कशानेच बदलत नाही. तिथे लिंक तीच ठेवून व्हिडिओ बदलता येत नसल्याने जुने भाग जुन्याच रंगात आहेत.