आभार मानावेत ते नेमके

स्नेहसंमेलनात वृंदगानाच्या प्रमुखाला निरोपाच्या भाषणासाठी जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात. ‘बाईंनी आम्हाला घडवलं’ हे वाक्य कुठल्याही शिक्षिकेला चालेल. त्यात संगीताच्या बाई दिसत नाहीत. त्याऐवजी एकच प्रसंग सांगावा: ‘आठवीत माझा आवाज फुटला. काळी चारमध्ये वरचा सा लागेना. बाई, तुम्ही मला वृंदातून काढलं नाहीत. खालच्या सप्तकात गायला लावलंत, रोज खर्ज भरून घेतलात. त्याच आवाजात आज तुमचे आभार मानतो.’ वयात येताना मुलांचा आवाज साधारण सप्तकभर उतरतो. ते ओळखून वाट काढणाऱ्या बाईंचं कसब इथे श्रोत्यांना कळतं. भाषण आधी मोठ्याने वाचावं. गळा कुठे दाटतो ते समजतं आणि तिथे श्वास घेता येतो.