डॉलरचा भाव आणि महागाईची वजाबाकी

सोलापुरातला एखादा टॉवेल-उत्पादक अमेरिकेला माल पाठवतो असं समजा. टॉवेलच्या एका संचाचा खर्च 450 रुपये आणि डॉलर 45 रुपयांना, म्हणजे त्याचा माल तिथे 10 डॉलरला पडतो. वर्षभरात आपल्याकडे सूत, वीज, मजुरी सगळं 10 टक्क्यांनी महागलं आणि खर्च 495 रुपयांवर गेला. अमेरिकेत महागाई 3 टक्केच, त्यामुळे तिथला गिऱ्हाईक 10 डॉलर 30 सेंटच्या वर जायला तयार नाही. आता 495 ला 10.30 ने भागा: डॉलर 48 रुपये 6 पैशांना गेला, तरच हा व्यवहार पूर्वीइतका परवडेल.

तो तसा गेला नाही तर काय होतं? निर्यातदारांच्या ऑर्डर दुसऱ्या देशांकडे वळतात आणि परदेशी माल आपल्याकडे स्वस्त वाटू लागतो. देशात येणारे डॉलर घटतात, मागणी वाढते, भाव चढतो. स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव कॅसल यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात हा विचार ‘क्रयशक्ती समानता’ या नावाने मांडला. दोन देशांच्या महागाईत जेवढा फरक, साधारण तेवढंच जास्त महागाईवाल्या देशाचं चलन घसरायला हवं. हिशेब खरं तर भागाकाराचा आहे; महागाई कमी असते तेव्हा वजाबाकीनेही काम भागतं.

रुपयाच्या बाबतीत हे कितपत खरं ठरलं? 2000 साली डॉलर सरासरी 45 रुपयांना होता. तेव्हापासून 2023 पर्यंत भारतातले ग्राहक-भाव साधारण चौपट झाले, अमेरिकेतले सुमारे पावणेदोनपट. म्हणजे 2023 मध्ये डॉलर शंभरीच्या थोडा पुढे असायला हवा होता. तो होता सरासरी साडेब्याऐंशीच्या आसपास. दिशा बरोबर निघाली, आकडा मात्र हुकला.

मधली वर्षं पाहिली की हा हिशेब फारच बिचारा वाटतो. 2000 ते 2007 या काळात आपली महागाई अमेरिकेपेक्षा जास्तच होती. गणिताप्रमाणे डॉलर पन्नाशी ओलांडायला हवा होता. प्रत्यक्षात तो 2007 मध्ये सरासरी 41 रुपयांवर उतरला आणि वर्ष संपता संपता चाळिशीच्याही खाली गेला. कारण टॉवेल नव्हे, भांडवल. परदेशी गुंतवणूकदार आपल्या शेअर बाजारात पैसा ओतत होते आणि त्यासाठी त्यांना रुपये हवे होते. पुढच्या सहा वर्षांत आपले भाव सुमारे 75 टक्क्यांनी चढले, अमेरिकेतले फक्त 12 टक्क्यांनी. त्याचा हिशेब चुकता झाला तो झटक्यात. मे 2013 मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने रोखेखरेदी कमी करण्याचे संकेत दिले आणि पंचावन्नच्या आसपास असलेला डॉलर ऑगस्टअखेर 69 च्या जवळ पोचला. त्या तीन-चार महिन्यांत महागाईचा फरक काही एवढा बदलला नव्हता. दडपण आधीपासून साठत होतं, ते कधी बाहेर पडेल हे मात्र महागाईच्या आकड्यांत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

श्रीमंत देशांच्या चलनांवरच्या अभ्यासांत असा विचलनाचा निम्मा भाग भरून यायला तीन ते पाच वर्षं लागलेली दिसतात. उलट, महागाईचा स्फोट झाला की हा नियम लगेच लागू पडतो. जर्मनीत 1914 साली डॉलरला 4.2 मार्क पडत, नोव्हेंबर 1923 मध्ये 4.2 लाख कोटी. देशातले भावही त्याच प्रमाणात, जवळजवळ लाख कोटीपट झाले होते.

शंभरीची अपेक्षा ब्याऐंशीवर थांबली याला आणखी एक कारण आहे. निर्देशांकात घरभाडं, डॉक्टरची फी, केस कापण्याची मजुरी हेही असतं. या गोष्टी जहाजात घालून पाठवता येत नाहीत. देशाची उत्पादकता आणि पगार वाढले की त्या महागतात, पण त्यामुळे निर्यातीचा माल महाग होतोच असं नाही. शिवाय 2012 च्या पायावरच्या आपल्या ग्राहक निर्देशांकात खाद्यपदार्थांचा वाटा 45 टक्क्यांहून जास्त होता. टोमॅटो भडकला की महागाईचा आकडा उडतो. डॉलरला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं.

रुपया महागाईच्या मानाने चढा आहे की उतरलेला, याचा अंदाज रिझर्व्ह बँकेच्या मासिक पत्रिकेतल्या वास्तव प्रभावी विनिमय दरावरून येतो. बाजारात त्याला ‘रीअर’ म्हणतात. यात 40 चलनांच्या तुलनेत, महागाई हिशेबात धरून, रुपया मोजलेला असतो आणि 2015-16 हे वर्ष 100 मानलेलं असतं. आकडा शंभराच्या बराच वर असेल, तर आपला माल त्या वर्षाच्या तुलनेत बाहेर महाग पडतो आहे. ते पायाभूत वर्षच योग्य होतं, असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

मुलांच्या परदेशी शिक्षणासाठी पैसे साठवणाऱ्या आईवडिलांना हे गणित उपयोगी आहे. आपलं महागाईचं उद्दिष्ट 4 टक्के, अमेरिकेचं 2. दोन्ही देशांनी ते पाळलं, तर 83 रुपयांचा डॉलर दहा वर्षांत शंभरीच्या आसपास जातो. तिथली फी डॉलरमध्येही वाढेल, ती वेगळी धरायची. फी येत्या जानेवारीत भरायची असेल, तर हा कागद बाजूला ठेवा आणि बँकेला आजचा भाव विचारा.