चाळीस स्लाइड, एक पोस्टर

परिषदेत वीस मिनिटे बोलण्यासाठी चाळीस स्लाइड तयार केलेल्या असतात. मग आयोजकांचे पत्र येते की हा शोधनिबंध पोस्टर म्हणून सादर करावा. पुष्कळ संशोधक विद्यार्थी तेव्हा स्लाइड लहान करून मोठ्या कागदावर ओळीने डकवतात. असे पोस्टर कुणी वाचत नाही, आणि मागची मेहनत खरी असते म्हणून त्याचे जास्त वाईट वाटते.

आधी जागेचा हिशेब करू. ए-झीरो आकाराचा उभा कागद 84 सेंटिमीटर रुंद आणि 119 सेंटिमीटर उंच असतो. दीड मीटरवरून वाचायचा मजकूर साधारण 28 पॉइंटचा लागतो, म्हणजे दोन ओळींमधले अंतर धरून एका ओळीला सुमारे 1.2 सेंटिमीटर उंची. शीर्षक आणि समास सोडले की 25 सेंटिमीटर रुंदीचे तीन रकाने उरतात. प्रत्येकात 80 ओळी आणि ओळीत आठेक शब्द धरले तर सगळे मिळून 1900 शब्द होतात. पण यात एकही आलेख नाही आणि मोकळी जागाही नाही. निम्मी जागा आकृत्यांना आणि उरलेल्यातली निम्मी मथळ्यांना व मोकळेपणाला दिली, तर हाती पाचशेच्या आसपास शब्द राहतात. देवनागरीत वेलांट्या आणि उकारांमुळे ओळी जरा लांब ठेवाव्या लागतात, त्यामुळे मराठी पोस्टरला याहून कमीच.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका विद्यार्थिनीने साठ विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडचा अभ्यास केला आहे. सगळ्या स्लाइडच्या छोट्या प्रती छापून तिने जमिनीवर पसरल्या. शीर्षक, अनुक्रम, ‘धन्यवाद’, मधले दुवे आणि राखीव स्लाइड आधीच बाजूला गेल्या. उरलेल्यांपैकी मुख्य दावा एकतिसाव्या स्लाइडवर होता: पावसाळ्यानंतर उथळ विहिरींत फ्लोराइड उतरते, खोल विहिरींत उतरत नाही. भाषणात तिथवर हळूहळू पोचता येते. पोस्टरसमोर उभा राहणारा मात्र कुठूनही वाचायला सुरुवात करतो आणि कंटाळला की निघून जातो. म्हणून हे वाक्य पूर्ण रूपात सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत गेले. त्यानंतर प्रत्येक स्लाइडला एकच प्रश्न: ही काढली तर दावा डळमळतो का? फ्लोराइडच्या जागतिक प्रश्नावरच्या पाच स्लाइड या प्रश्नाने गेल्या. त्यांच्यातले एकच वाक्य राहिले: भारतीय मानकानुसार स्वीकार्य प्रमाण लिटरला 1 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालते.

खरी गंमत इथून पुढे आहे. स्लाइडवरचा मजकूर अर्धाच असतो, उरलेला वक्त्याच्या तोंडी असतो. ‘60 विहिरी, मे व ऑक्टोबर, इलेक्ट्रोड’ एवढे तुकडे पडद्यावर पुरतात. संशोधक चहाला गेली असेल तर पोस्टरवर ते मुके होतात. म्हणून पद्धतीच्या सहा स्लाइडऐवजी तिने लिहिले: ‘60 विहिरींचे पाणी मे आणि ऑक्टोबरमध्ये घेतले व त्यातील फ्लोराइड आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडने मोजले.’ म्हणजे मजकूर कमी करताना काही ठिकाणी तो वाढवावाही लागतो. अनेकांना हे सुचत नाही, आणि कापून कापून शेवटी कोडे उरते.

काही बाबतींत पोस्टर स्लाइडपेक्षा सरस ठरते. भाषणात मे महिन्याचा नकाशा जाऊन ऑक्टोबरचा येतो आणि पाहणाऱ्याला पहिला आठवत बसावे लागते. पोस्टरवर दोन्ही शेजारी ठेवता येतात. फक्त मोजपट्टी आणि रंगसूची दोन्हींना एकच हवी, नाहीतर फरक पाण्याचा की रंगांचा हे कळत नाही. साठ ओळींच्या तक्त्याच्या जागी साठ ठिपके आणि 1.5 वर एक आडवी रेघ आली. मूळ तक्ता क्यूआर कोडमागे गेला.

नकाशा स्लाइडवरून उचलू नये. 1200 पिक्सेलचे चित्र 60 सेंटिमीटर रुंद छापले तर इंचाला 50 च्या आसपास पिक्सेल उरतात आणि गावांची नावे पुसट होतात. इंचाला 150 तरी हवेत. नकाशा ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढला, तिथूनच तो पीडीएफ म्हणून घ्यावा.

छपाईला देण्याआधी पोस्टरची ए-फोर कागदावर एक प्रत काढा. लांबीरुंदीत ती ए-झीरोच्या बरोबर चौथाई असते. डोळ्यांपासून 40 सेंटिमीटरवर धरलेली ही प्रत 160 सेंटिमीटरवरच्या पोस्टरएवढीच दिसते. त्या प्रतीत जे वाचता आले नाही, ते परिषदेच्या दालनात समोर उभ्या माणसालाही वाचता येणार नाही.